समान शिखरांवरचा स्वीप की खरा ब्रेकआउट? शिखर ओलांडल्यानंतरच्या तीन कँडल कशा वाचाव्यात

चार्टवर दोन शिखरे जवळजवळ एकाच भावावर दिसतात. भाव तिसऱ्यांदा तेथे येतो, त्या रेषेच्या थोडा वर जातो आणि मग झपाट्याने खाली येतो. ज्याने वर जाताना खरेदी केली तो अडकतो आणि ज्याचा शॉर्ट सौदा, म्हणजे आधी विकून नंतर स्वस्तात परत घेण्याचा सौदा, आधीपासून उघडा होता त्याचा स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवण्याची ऑर्डर, नेमका वरच्या टोकाला उडतो. या हालचालीला लिक्विडिटी स्वीप, म्हणजे एका जागी साचलेल्या ऑर्डर झाडून नेणे, म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे अमेरिकी बाजार-अभ्यासक रिचर्ड वायकॉफ यांच्या परंपरेतील अभ्यासक अशाच हालचालीला अपथ्रस्ट म्हणत आले आहेत, त्यामुळे नाव नवे असले तरी वस्तू जुनी आहे. नवशिक्यांची अडचण वेगळीच असते. भाव रेषेच्या वर गेला त्या क्षणी स्वीप आणि खरा ब्रेकआउट, म्हणजे रेषा ओलांडून वरच टिकणारी चाल, तंतोतंत सारखे दिसतात. फरक दिसू लागतो तो त्यानंतरच्या दोन-तीन कँडलमध्ये, म्हणून या लेखाचा बहुतेक भर त्या कँडलवरच आहे.

आधी हे समजून घ्यावे: रेषेच्या वर कोण खरेदी करतो

ज्यांनी शिखराजवळ विक्री केलेली असते ते आपला स्टॉपलॉस त्या शिखराच्या थोडा वर ठेवतात. शॉर्ट सौद्याचा स्टॉपलॉस म्हणजे प्रत्यक्षात खरेदीची ऑर्डर असते, आणि साधारणपणे ठरावीक भाव लागताच ती मार्केट ऑर्डर बनून समोर असेल त्या भावाने खरेदी करते. त्याच ठिकाणी दुसरा एक गट असतो, तो म्हणजे ब्रेकआउटवर खरेदी करणाऱ्यांचा. त्यांच्याही खरेदीच्या स्टॉप ऑर्डर रेषेच्या वरच लावलेल्या असतात. एका शिखरावर हे जितके घडते त्याहून दोन समान शिखरांवर अधिक घडण्याची शक्यता असते, कारण ती रेषा सर्वांनाच ठळक दिसते आणि सर्वजण तिच्यापलीकडे जवळपास त्याच अंतरावर ऑर्डर ठेवतात.

ऑर्डर अशा गोळा होतात ही केवळ चार्टवाल्यांची समजूत नाही. अर्थशास्त्रज्ञ कॅरोल ऑस्लर यांनी एका मोठ्या बँकेकडील चलनबाजारातील प्रत्यक्ष ऑर्डर तपासल्या होत्या. नफा काढून घेण्याच्या ऑर्डर गोल आकड्यांवर गोळा होतात आणि खरेदीच्या स्टॉपलॉस ऑर्डर त्या आकड्यांच्या किंचित वर गोळा होतात, असे त्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत दाखवले. त्यांचा अभ्यास गोल आकड्यांविषयी होता, समान शिखरांविषयी नव्हता. तरीही सर्वांना दिसणाऱ्या भावाच्या पलीकडे स्टॉपलॉस साचतात, ही यंत्रणा दोन्हीकडे सारखीच आहे.

आता एक काल्पनिक ऑर्डर-बुक डोळ्यांसमोर आणावे. समान शिखरे १२४८ आणि १२४८.५ वर आहेत. १२४९ ते १२५० या पट्ट्यात विक्रीच्या तुरळक लिमिट ऑर्डर, म्हणजे ठरवलेल्या किंवा त्याहून चांगल्या भावालाच विकण्याच्या ऑर्डर, आहेत, समजा मिळून १५० नगांच्या. १२५१ ते १२५२ च्या दरम्यान मात्र एका मोठ्या विक्रेत्याची ६०० नगांची विक्री टप्प्याटप्प्याने उभी आहे. भाव १२४९ ला लागतो आणि तेथील खरेदीचे स्टॉप पेटतात. ती खरेदी तुरळक विक्री पटकन खाऊन टाकते, त्यामुळे भाव उडी मारतो, त्या उडीमुळे पुढचे स्टॉप पेटतात आणि काही मिनिटांत एकूण ५०० नगांची सक्तीची खरेदी होते. त्यातली १५० नगांची खरेदी तुरळक विक्रेत्यांनी भागवली आणि उरलेली ३५० मोठ्या विक्रेत्याने. एवढा माल एरवी विकायचा झाला असता तर त्याने स्वतःच भाव पाडला असता, पण येथे त्याला धावत येणारे ग्राहक मिळाले. स्टॉप संपतात तेव्हा त्याची आणखी २५० नगांची विक्री शिल्लक असते आणि ती घ्यायला कोणीही उरलेले नसते.

शॉर्ट सौदा बंद करण्यासाठी ज्याने खरेदी केली तो पुन्हा खरेदी करणार नाही, कारण त्याचे काम झालेले असते. तो नाइलाजाने घेणारा ग्राहक होता. खऱ्या ब्रेकआउटमध्येही पहिली उडी अशाच नाइलाजाच्या खरेदीने मिळते, परंतु तिच्यामागोमाग स्वखुशीने, वरच्या भावातही माल घ्यायला तयार असलेले खरेदीदार येतात आणि भाव रेषेवर परतला तर तेथे पुन्हा घेतात. म्हणून पुढील सर्व पायऱ्यांमध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी विचारलेला आहे: सक्तीची खरेदी संपल्यावर स्वखुशीची खरेदी आली का?

मोठे खेळाडू मुद्दाम स्टॉप मारायला भाव वर नेतात, असे अनेकदा ठासून सांगितले जाते. तसे कधी होतही असेल, पण चार्टवरून हेतू सिद्ध करता येत नाही आणि वर सांगितलेली यंत्रणा चालायला कोणाच्या कारस्थानाची गरजही पडत नाही. हेतूचा नाद सोडून परिणाम पाहणे हेच नवशिक्याच्या फायद्याचे आहे.

पायरी १: शिखरे खरोखर समान आहेत का, ते मोजावे

शिखर किंवा स्विंग हाय म्हणजे ज्या कँडलच्या दोन्ही बाजूंच्या किमान दोन-दोन कँडलचे उच्चांक तिच्यापेक्षा खाली आहेत अशी कँडल. याचा अर्थ असा की शिखर घडून गेल्यावर दोन कँडल पूर्ण झाल्याशिवाय त्याला शिखर म्हणता येत नाही.

दोन शिखरे समान मानायची तर त्यांच्यातील फरक किती असावा? ठरावीक आकडा येथे उपयोगाचा नाही, कारण एका चार्टवर अर्धा अंक म्हणजे काहीच नसते तर दुसऱ्यावर तो मोठा असतो. म्हणून एटीआर वापरावा, म्हणजे मागच्या १४ कँडलची सरासरी हालचाल. फरक एटीआरच्या साधारण दहाव्या भागाएवढा किंवा त्याहून कमी असेल तर मी शिखरे समान धरतो. हा निसर्गनियम नव्हे, मी स्वतःपुरता घातलेला दंडक आहे, पण कोणता तरी दंडक आधी लिहून ठेवावा लागतो, नाहीतर नंतर मनाला पटेल ती दोन टोके समान दिसू लागतात. आपल्या उदाहरणात १५ मिनिटांच्या चार्टवर एटीआर ६ अंक आहे, म्हणजे मर्यादा ०.६ अंक. १२४८ आणि १२४८.५ यांतील फरक ०.५ आहे, म्हणून जोडी चालेल.

दोन्ही शिखरांच्या मध्ये भाव पुरेसा खाली गेलेला असावा, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. लागोपाठच्या चार कँडलचे उच्चांक एका रेषेत आले तर ती समान शिखरे नव्हेत, तो केवळ एक थांबा आहे. मधली घसरण किमान दोन एटीआर असावी. आपल्या उदाहरणात पहिल्या शिखरानंतर भाव १२२९ पर्यंत उतरला आणि मग दुसऱ्यांदा वर गेला. ही १९ अंकांची घसरण तीन एटीआरहून अधिक आहे, त्यामुळे मधल्या काळात अनेकांनी शॉर्ट सौदे केले असतील आणि त्यांचे स्टॉप शिखरांवर असतील, असे मानायला जागा आहे.

रेषा आखताना दोन शिखरांपैकी वरचे शिखर धरावे. येथे ती रेषा १२४८.५ आहे.

पायरी २: रेषा मोठ्या चित्रात कोठे आहे, ते पाहावे

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून वगळली जाते. १५ मिनिटांच्या चार्टवरील समान शिखरे पाहत असाल तर चार तासांचा आणि दिवसाचा चार्ट उघडावा आणि रेषेच्या लगेच वर काही आहे का, ते पाहावे. पूर्वी जेथून मोठी घसरण सुरू झाली असा पट्टा तेथे असेल, किंवा भाव एका विस्तृत पट्ट्याच्या वरच्या टोकाला आला असेल, तर मोठा विक्रेता तेथे उभा असण्याला कारण आहे. याउलट दिवसाच्या चार्टवर स्पष्ट चढता कल असेल, भाव नुकताच खालून वळला असेल आणि वर मोकळी जागा असेल, तर ही छोटी समान शिखरे म्हणजे वरच्या प्रवासातला एक टप्पा असण्याची शक्यता जास्त. अशा जागी स्वीप शोधत बसणे म्हणजे प्रवाहाविरुद्ध पोहणे.

रेषेकडे भाव कसा येतो, तेही येथेच टिपून ठेवावे. एका दमात, मोठमोठ्या कँडलने, मध्ये न थांबता आलेला भाव रेषेवर पोहोचेपर्यंत बरीचशी खरेदी वापरून बसलेला असतो. पण भाव रेषेच्या खाली चिकटून बसला असेल, प्रत्येक घसरण आधीच्यापेक्षा वर थांबत असेल, तर खरेदीदार माल स्वस्त व्हायची वाट पाहायला तयार नाहीत असा त्याचा अर्थ होतो, आणि असे दाबून बसलेले भाव अधिक वेळा खरोखर फुटतात.

आपल्या उदाहरणात १२५० ते १२५६ हा पट्टा दिवसाच्या चार्टवरील जुन्या घसरणीचा आरंभ आहे, असे धरू. दुसऱ्या शिखरानंतर भाव १२३६ ला उतरला, तेथून १२४५ पर्यंत गेला, १२४२ पर्यंत किंचित मागे आला आणि मग सरळ वर निघाला. यातील १२४२ हा शेवटचा छोटा तळ लक्षात ठेवावा, कारण तो पुढे निर्णायक ठरणार आहे.

पायरी ३: रेषा ओलांडताना काहीही करू नये

सुरुवातीच्या काळात मी स्वतः येथेच सर्वाधिक पैसे घालवले. भाव रेषेच्या दोन अंक वर दिसला की मी स्वीप झाला असे समजून लगेच शॉर्ट करत असे आणि स्टॉप आणखी दोन अंक वर ठेवत असे. मग भाव पुढे तीन अंक जाऊन माझा स्टॉप मारी आणि त्यानंतर खाली येई. म्हणजे मी स्वीप ओळखला होता आणि त्याच स्वीपचे इंधनही मीच बनलो होतो.

कँडल बंद होईपर्यंत तिचा आकार खरा नसतो. १५ मिनिटांची कँडल दहाव्या मिनिटाला रेषेच्या वर भरगच्च दिसू शकते आणि पंधराव्या मिनिटाला तिची फक्त वरची वात, म्हणजे बहुतेकांच्या बोलण्यातली विक, रेषेच्या वर उरू शकते. उलटही होते.

पायरी ४: पहिल्या कँडलचा बंद भाव वाचावा

रेषा ओलांडणाऱ्या कँडलला अ म्हणू. आपल्या उदाहरणात अ कँडल १२४६ ला उघडली, १२५२ पर्यंत गेली, १२४५ हा तिचा नीचांक आणि ती १२४७ ला बंद झाली. म्हणजे रेषेच्या वर साडेतीन अंक जाऊन ती रेषेच्या खाली परतली. वर झालेली सगळी खरेदी आता तोट्यात आहे.

येथे बहुतेक नवशिके थांबतात आणि लांब वात दिसली म्हणून स्वीप पक्का झाला असे मानतात. माझ्या मते वात हा फक्त संशयाचा आधार आहे. ती एवढेच सांगते की १२५२ च्या आसपास पुरेशी विक्री होती. ती विक्री संपली की उरली आहे, हे एका कँडलवरून कळत नाही. मोठ्या विक्रेत्याकडे माल उरलाच नसेल तर पुढच्या धक्क्यात भाव त्याच पट्ट्यातून सहज पार होतो.

व्हॉल्यूमविषयी एक गैरसमज येथेच दूर करावा. मोठ्या व्हॉल्यूमसह रेषा ओलांडली तर ब्रेकआउट खरा, असे सांगितले जाते. पण स्वीपमध्येही स्टॉप पेटल्यामुळे व्हॉल्यूम मोठाच असतो, त्यामुळे अ कँडलच्या व्हॉल्यूमवरून दोन्हींत भेद करता येत नाही. विचारायचे ते असे की एवढ्या व्हॉल्यूमच्या बदल्यात भावाने किती वाटचाल टिकवली. खूप सौदे झाले आणि भाव जेथून निघाला तेथेच परतला, तर खरेदी कोणीतरी शोषून घेतली आहे. चलनांच्या स्पॉट बाजारात तर एकच केंद्रीय एक्स्चेंज नसल्यामुळे चार्टवर दिसणारा व्हॉल्यूम बहुधा भाव किती वेळा बदलला याची मोजणी असतो, म्हणून तेथे त्यावर आणखी कमी विसंबावे.

पायरी ५: पुढच्या दोन कँडल

ब आणि क या कँडल सर्वात जास्त बोलतात. स्वीप असेल तर ब कँडलने रेषा पुन्हा ओलांडून वर बंद होता कामा नये आणि तीन कँडलच्या आत भावाने वर जातानाचा शेवटचा छोटा तळ तोडून त्याखाली बंद व्हायला हवे. आपल्या उदाहरणात तो तळ १२४२ आहे.

हा तळच का? कारण ब्रेकआउट समजून वर खरेदी करणाऱ्यांपैकी अनेकांचे विक्रीचे स्टॉपलॉस साहजिकच त्याच्या खाली असतात. भाव तेथे पोहोचला की त्यांना नाइलाजाने विकावे लागते, म्हणजे वर जे खरेदीच्या बाजूने घडले तेच आता विक्रीच्या बाजूने घडते. वरचा स्वीप आणि खालचा हा तळ तुटणे या दोन गोष्टी एकत्र आल्या तरच उलटापालट खरी झाली असे मी धरतो. नुसत्या वातीवर केलेले सौदे आणि तळ तुटल्यानंतर केलेले सौदे वेगवेगळ्या वहीत लिहून पाहावेत, मग हा आग्रह कशासाठी आहे ते आपल्याच आकड्यांवरून कळते.

उदाहरणात ब कँडल १२४७ ला उघडली, फक्त १२४८ पर्यंत चढली, म्हणजे रेषेला तिला स्पर्शही करता आला नाही, आणि १२४३ ला बंद झाली. क कँडल १२४३ वरून १२४४ पर्यंत गेली आणि १२४०.५ ला बंद झाली. १२४२ तुटला. आता याला स्वीप म्हणता येईल.

तीच जागा, पण खरा ब्रेकआउट

तुलनेसाठी शिखरे, रेषा आणि एटीआर तेच ठेवू. फक्त या वेळी दुसऱ्या शिखरानंतरचे तळ १२३६, १२४१, १२४४.५ असे चढते आहेत आणि भाव रेषेखाली दाटीवाटीने बसलेला आहे. अ कँडल १२४६ ला उघडते, १२५३ पर्यंत जाते आणि १२५२.२ ला बंद होते. तिच्या शरीराचा, म्हणजे उघडण्याचा आणि बंद होण्याचा भाव यांमधल्या पट्टीचा, मोठा भाग रेषेच्या वर आहे आणि बंद भाव उच्चांकाच्या जवळ आहे. ब कँडल १२४९.६ पर्यंत खाली येऊनही १२५३.५ ला बंद होते. क कँडल १२४८.८ पर्यंत उतरते, म्हणजे जुन्या रेषेच्या अगदी उंबरठ्यावर येते, आणि तेथून खरेदी होऊन १२५२ ला बंद होते.

शेवटची ही घसरण म्हणजे रिटेस्ट. नवशिक्याला तीच भीतीदायक वाटते, कारण भाव परत खाली येताना स्वीपच होतोय असे भासते. पण पाहायचे ते हे की स्टॉपची सक्तीची खरेदी केव्हाच संपली असतानाही रेषेजवळ कोणीतरी स्वतःहून माल घेतला. काल जेथे विक्रेते होते तेथे आज खरेदीदार उभे आहेत. ब आणि क या दोन्ही कँडल रेषेच्या वर बंद झाल्या आणि रिटेस्ट टिकली, तर मी त्या रेषेवर स्वीप शोधणे बंद करतो.

मधला प्रकार, जो सर्वांना गोंधळात टाकतो

अ कँडल १२५० ला, म्हणजे रेषेच्या वर, बंद होते. सर्वजण ब्रेकआउट जाहीर करतात. मग ब कँडल १२४६ ला, म्हणजे रेषेच्या खाली, बंद होते. हा स्वीपचाच संशय आहे, फक्त तो दोन कँडलमध्ये वाटला गेला आहे. याच दोन कँडल ३० मिनिटांच्या चार्टवर एकत्र पाहिल्या, तर कँडलच्या सीमा जुळत असतील तेव्हा तेथे एकच लांब वातीची कँडल दिसेल. म्हणून एका कँडलचा बंद भाव रेषेच्या वर आला एवढ्यावर ब्रेकआउट मान्य करू नये आणि एका वातीवर स्वीपही मान्य करू नये.

याचा दुसरा अर्थ असा की कोणत्या टाइमफ्रेमवर निर्णय घ्यायचा ते रेषा आखतानाच ठरवावे. १ मिनिटाच्या चार्टवर जो स्पष्ट ब्रेकआउट असतो तोच १५ मिनिटांच्या चार्टवर नुसती वात असू शकतो. सौदा तोट्यात जाऊ लागल्यावर टाइमफ्रेम बदलून दिलासा शोधणारे पुष्कळ असतात आणि त्यांना तो नेहमी सापडतो, हीच अडचण आहे.

पायरी ६: सौदा करायचा तर कोठे

क कँडल १२४०.५ ला बंद झाल्यावर लगेच शॉर्ट केला तर काय होते ते मोजून पाहू. स्टॉप वातीच्या टोकाच्या वर हवा, आणि थोडी जागा सोडून, समजा १२५३ वर. धोका झाला १२.५ अंकांचा. लक्ष्य म्हणून दोन शिखरांमधला तळ १२२९ धरला, तर मिळकत ११.५ अंकांची. धोक्यापेक्षा मिळकत कमी आहे, म्हणून वाचन बरोबर असूनही सौदा वाईट आहे.

त्याऐवजी भाव थोडा परत वर येण्याची वाट पाहावी. समजा तो १२४५ पर्यंत आला आणि तेथे शॉर्ट केला. धोका ८ अंक, मिळकत १६ अंक, म्हणजे प्रमाण एकास दोन. वाटेत १२३६ चा तळ आहे आणि तेथे भाव अडखळू शकतो, म्हणून काहीजण तेथे निम्मा सौदा बंद करतात. तसे केल्यास सरासरी मिळकत १६ राहत नाही, ती १२.५ होते (निम्म्यावर ९ आणि निम्म्यावर १६), हे हिशोबात धरावे. भाव परत वर आलाच नाही तर सौदा सोडून द्यावा. असे सुटलेले सौदे मनाला लागतात, पण १२४०.५ च्या हिशोबाने केलेला सौदा बरोबर ठरला तरी दीर्घकाळात परवडेलच असे नाही.

सौद्याचा आकार धोक्यावरून ठरतो. भांडवल १,००,००० असेल, एका सौद्यात त्याच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक गमवायचे नसेल आणि एका नगामागे एक अंक म्हणजे एक एकक असेल, तर ५०० भागिले ८, म्हणजे ६२ नग. स्टॉप लांब ठेवावा लागला तर नग कमी करावेत, स्टॉप जवळ आणू नये. स्टॉप वातीच्या टोकालाच लावणे ही या सगळ्या प्रकरणातली सर्वात उपरोधिक चूक आहे, कारण त्या टोकाच्या वर आता नव्या शॉर्टवाल्यांचे स्टॉप गोळा झालेले असतात आणि तीच पुढची लिक्विडिटी असते. म्हणून उदाहरणात १२५२ च्या वर आणखी एक अंक सोडला आहे. दुसरा स्वीप मोठा असेल तर तेवढीही जागा पुरणार नाही, आणि तो तोटा स्वीकारावा लागतो.

हे वाचन कोठे कामाचे नाही

नियोजित मोठी बातमी यायच्या वेळी कँडलच्या आकारावर विसंबू नये. बातमीच्या क्षणी अनेकजण आपल्या लिमिट ऑर्डर काढून घेतात, ऑर्डर-बुक विरळ होते आणि खरेदी-विक्रीच्या भावातील अंतर वाढते, त्यामुळे भाव दोन्ही बाजूंचे स्टॉप मारून जाऊ शकतो. स्टॉपलॉसही ठरवलेल्या भावापेक्षा वाईट भावाला लागू शकतो. बाजार उघडतानाच गॅप घेऊन भाव रेषेच्या वर उघडला तर अ कँडलच नीट अस्तित्वात नसते; तेव्हा ब आणि क रेषेच्या कोणत्या बाजूला बंद होतात एवढेच पाहावे. कमी उलाढालीच्या रोख्यात एकाच मोठ्या ऑर्डरने वात तयार होते आणि तिच्यातून काहीही कळत नाही.

जुने चार्ट पाहून सराव करताना एक काळजी घ्यावी. उजवीकडची घसरण आधीच दिसत असेल तर प्रत्येक शिखरावर स्वीप दिसतो, आणि जे शिखर फुटून भाव वर गेला ते नजरेतून सुटते. म्हणून चार्ट झाकून एकेक कँडल पुढे न्यावी. समान शिखरांची जोडी दिसली की तिची तारीख, रेषा, एटीआर आणि मोठ्या चित्रातली जागा आधी लिहावी, मग पुढे जावे. अ बंद झाल्यावर आपला अंदाज लिहावा, क बंद झाल्यावर पुन्हा लिहावा आणि त्यानंतरच उरलेला चार्ट उघडावा. अशा पन्नासेक जोड्या झाल्या की अ नंतरचा अंदाज आणि क नंतरचा अंदाज किती वेळा वेगळा होता ते मोजावे. ती संख्या मोठी निघाली तर पायरी ३ मध्ये हात आवरणे आपल्याला आणखी शिकायचे आहे, आणि छोटी निघाली तर अ कँडलच्या वेळी आपण चार्टची उजवी बाजू पाहिली नव्हती ना, याची एकदा खात्री करून घ्यावी.